बरणीत पिळलेलं लिंबू

माझा धाकटा भाऊ साठ मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये बसून बिनधास्त डबा खातो. तो जगात फक्त दोघींना घाबरतो, एक त्याची बायको आणि दुसरी मी. असं असूनही त्याने मला फसवायचा प्रयत्न केला, तोही माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच टेबलावर. आठवलं की अजून माझं डोकं तापतं आणि लगेच हसूही येतं, म्हणून हे एकदा सांगूनच टाकते.

मी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आहे. लोकांचं रक्त, लघवी तपासते. आमच्या घरी माझ्या कामावरून जेवताना बोलायचं नाही असा कायदा आहे, आणि तो सगळ्यात जास्त मीच मोडते. धाकटा टॉवर क्रेन चालवतो. मोठ्या इमारती बांधताना ती उंच, लांब हाताची क्रेन असते ना, तिच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत हा दहा वर्षं बसतोय. साइटवर त्याला सगळे 'घार' म्हणतात. त्यालाही ते नाव मनापासून आवडतं, वरवर फक्त वैतागल्याचं सोंग करतो.

चारेक महिन्यांपूर्वी हुकाला सळयांचा भारा लटकत असताना त्याच्या कमरेत कळ आली. मुतखडा. भावाने दात आवळून भारा आधी खाली टेकवला आणि मग केबिनमध्येच आडवा झाला. त्याला दोरांनी बांधून खाली आणायला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी खडा पडला, मोहरीपेक्षा जरासा मोठा. एवढ्याशा गोष्टीने एवढ्या गड्याला लोळवलं, आणि चार वर्षांतली ही दुसरी वेळ होती.

साइटच्या इंजिनियरबाईंनी स्पष्ट सांगितलं, किडनीच्या डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. धाकट्याला गोदामात हातमोजे वाटायला बसवलं. तो घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा. भावजय मला फोनवर म्हणाली, "वन्सं, भांडत पण नाहीत हो हल्ली. काहीतरी करा."

डॉक्टरीणबाईंनी चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. पाच लिटरची बरणी, सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग पुढची प्रत्येक थेंबासकट बरणीत, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली घातली की बरणी बंद. माझ्याच हाताखालून तपासणी गेली. दिवसभरात जेमतेम नऊशे मिली लघवी, आणि सायट्रेट एकशे ऐंशी मिलिग्रॅम. निदान साडेचारशे तरी हवं. खड्याची तपासणीही झाली होती, कॅल्शियम ऑक्झलेट.

"दिवसभर काय पितोस?" बाईंनी विचारलं.

"कोला," धाकटा म्हणाला. "अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. झोप येत नाही आणि घसा ओला राहतो."

"आणि पाणी?"

तो छताकडे बघायला लागला. मग बाईंनी कागदावर दोन किडन्या काढल्या आणि अगदी निवांत समजावलं. कोलामध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं. त्याने शरीरात आम्लाचा भार वाढतो, आणि तसं झालं की किडनी लघवीत जाणारं सायट्रेट परत ओढून घेते. हे सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याची ऑक्झलेटशी गाठ पडू देत नाही. ते कमी पडलं की दोघांचं जमतं आणि खडा तयार होतो. लिंबात सायट्रेटचा चांगला साठा असतो. लिंबूपाणी प्यायलं की शरीर ते पचवतं, त्यातून आम्लाला शह देणारा भाग उरतो, आणि मग किडनी सायट्रेट बाहेर सोडते.

"म्हणजे कोला वाईट आणि लिंबू चांगलं," धाकटा म्हणाला.

"तुझ्या खड्यापुरतं, हो. पण लिंबू म्हणजे जादू नाही. कुणाला त्याचा खूप फायदा होतो, कुणाला थोडा. खरं काम पाण्याचं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. आणि लिंबूपाणी बिनसाखरेचं, साखरेने उलट कॅल्शियम जास्त बाहेर पडतं."

"मग लिंबाच्या चवीचा सोडा?"

"त्यात बहुतेक फॉस्फोरिक नसतं, पण साखर असते. घरचं लिंबू पिळ." बाई हसल्या. "सहा आठवड्यांनी पुन्हा बरणी. आकडे सुधारले तर पत्र देते."

सहा आठवडे भावजयीने रोज सकाळी पेलाभर लिंबूपाणी त्याच्यासमोर ठेवलं. तो ते पीत होता, हे खरं. पण तेवढंच. गोदामात गेला की पुन्हा कोला. मला हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी आपली खुशीत होते, भाऊ सुधारला म्हणून.

दुसरी बरणी आली. आमच्याकडे सायट्रेटसाठी बरणीत कुठलंही आम्ल घालत नाहीत, फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. मी झाकण काढलं, हलवलं, आणि आकारमान मोजलं. एक लिटर शंभर. मनात म्हटलं, पाणी काही वाढलेलं दिसत नाही. मग सायट्रेट लावलं. मशीनने आकडा दिला सहा हजारांवर. मी मशीनला शिव्या घातल्या, पुन्हा लावलं. तेच. पीएच मोजला, साडेतीन; हा आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. माणसाच्या लघवीचा पीएच साधारण साडेचारच्या खाली जात नाही, किडनी तेवढं करूच शकत नाही.

शेवटी मी तळाला साचलेला गाळ गाळणीवर घेतला, आणि गाळणीत लिंबाची बी निघाली.

बी. साल नाही, काही नाही, गुळगुळीत, टोकदार बी. शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "ताई, हा खडा कुठल्या प्रकारचा?" मी नमुन्यापुढे 'बाद' असं लिहिलं, कारण भाऊ असला म्हणून खोटा अहवाल द्यायला मी काही त्याच्यासारखी नाही. आणि फोन लावला.

तो अर्ध्या तासात हजर. मी गाळणी त्याच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"लिंबाची बी आहे," तो म्हणाला. अंगावर आलं तरी खोटं न बोलण्याची त्याची ही सवय लहानपणापासूनची आहे. फक्त आधी करून बसतो.

"बरणीत कशी गेली?"

"चार लिंबं पिळली. गाळायला विसरलो." मग घाईघाईने म्हणाला, "ताई, तुम्हाला बरणीत सायट्रेट पाहिजे. लिंबात सायट्रेट आहे. मग मधल्या किडनीला कशाला त्रास द्यायचा?"

खरं सांगते, मला एक क्षण हसू आवरेना. दुसऱ्या क्षणी मी त्याला असं झापलं की बाहेर रांगेत बसलेले लोक गप्प झाले. "बाईंनी तुझ्या या आकड्यावर पत्र दिलं असतं, तू वर चढला असतास, आणि पुढच्या खड्याला भारा खाली टेकवायला वेळ मिळाला नसता तर? खाली माणसं असतात रे."

तो स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "ताई, मला पाणी प्यायला काय होतंय? पण वर संडास नाही. शिडीने उतरायला वीस मिनिटं, चढायला त्याहून जास्त. तेवढा वेळ सगळं काम थांबतं, पन्नास माणसं वर बघत उभी राहतात. घार मुतायला खाली आली म्हणतील. म्हणून पाणी पीतच नाही. दहा वर्षं झाली, आता गोदामातही तहान लागत नाही."

दहा वर्षं. मी रोज लोकांची लघवी मोजते आणि माझा भाऊ ती दाबून बसलाय हे मला कळलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला आणि तो मी त्याच्यावर काढला नाही, हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं.

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाद झालेल्या नमुन्याचं कारण मी स्वतः सांगितलं. बाईंनी तोंडावर रुमाल धरला, खांदे हलत होते. नंतर सोनोग्राफी पाहिली, एकही खडा शिल्लक नव्हता. म्हणाल्या, "एक महिन्याचं पत्र देते. अट एकच. शिफ्टमध्ये दोनदा खाली यायचं, आणि हे इंजिनियरबाईंना लेखी जाईल. पुढची बरणी कामाच्या दिवशीची पाहिजे, सुट्टीच्या दिवशीची नको."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो दिवस आला. साइटवर बरणी सांभाळायला भरवशाचं कोण? मी रजा टाकली. शिडीच्या पायथ्याशी स्टूल टाकून, पायाशी बर्फाचा डबा आणि त्यात बरणी घेऊन बसले. माझ्याशेजारी फोरमन वॉकीटॉकी घेऊन उभा होता. भावाने सकाळपासून वरती दीड लिटर बिनसाखरेचं लिंबूपाणी संपवलं होतं, याची भावजयीने मला चार वेळा फोनवर विचारून खात्री करून घेतली.

अकराच्या सुमाराला वॉकीटॉकी खरखरला. एरवी या महिन्यात तो उतरताना 'तेल बघायचंय', 'पट्टा बघायचाय' असली कारणं सांगत होता, हे फोरमनने मला आधीच हसत सांगितलं होतं. आज मात्र थोडा वेळ नुसती खरखर आली.

मग आवाज आला, "लघवीला खाली येतोय. वीस मिनिटं लागतील."

तो आवाज साइटवरच्या सगळ्या वॉकीटॉकींवर गेला. मी मनात म्हटलं, आता कुणीतरी हसणार. कुणी हसलं नाही. पलीकडच्या क्रेनवरून एक म्हातारा आवाज म्हणाला, "मी पण येतो रे." त्यामागून तिसऱ्या क्रेनवरून, "थांबा, मलाही यायचंय. सकाळपासून धरून बसलोय."

फोरमनने माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबून म्हणाला, "या सगळे. तोवर काम बंद." आणि मला विचारलं, "ताई, हे असं किती जण असतील हो?"

मी वर बघितलं. तीन क्रेनच्या तीन शिड्यांवरून तीन माणसं हळूहळू उतरत होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या बरणीत दोन लिटर तीनशे मिली लघवी भरली. सायट्रेट पाचशे दहा, पीएच सहा. मी गाळणी लावून पाहिली, बी नव्हती. बाईंनी वर्षभराचं पत्र दिलं आणि खाली जाड अक्षरात लिहिलं, पाणी चालू ठेवणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. हातात टोपी, कानापर्यंत लाजलेला. म्हणाला, "मी दुसऱ्या क्रेनवरचा. मलाही दोनदा कळ येऊन गेली आहे, पण कुणाला बोललो नाही. घारीची बहीण तुम्हीच ना? मला एक बरणी द्याल?"