एकूण सहाशे चाळीस

हॉस्पिटलच्या तळघरात, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीला लागून हिशेब विभाग होता. तिथे बिलं तपासणाऱ्या बाईला सगळे धाकटी म्हणायचे. वय बेचाळीस, केसांत पांढऱ्याची रीतसर सुरुवात झालेली, पण तिचा मोठा भाऊ दुसऱ्या मजल्यावर खरेदी अधिकारी होता आणि अख्खं हॉस्पिटल त्याला दादा म्हणायचं, म्हणून ही धाकटी. तिच्या तावडीतून बिल सुटणं कठीण. एका पैशाचा फरक निघाला तरी पुरवठादाराला फोन जायचा आणि तो बिचारा दोन वाक्यांत शरण यायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दादाच्या विभागाने कोणाला काय मागवलं, किती रकमेला, हे ऑर्डरच्या शीटमध्ये असायचं. पुरवठादाराचं बिल पीडीएफ होऊन यायचं. बिलातली रक्कम बघायची, शीटमधल्या रकमेशी ताडायची, जुळली तर पुढे, नाही तर लाल खूण. वर्षानुवर्षं हे तिने डोळ्यांनी केलं. गेल्या महिन्यात त्यासाठी प्रोग्राम आला. तो पीडीएफ उघडून रक्कम स्वतःच उचलायचा, शीटशी ताडायचा आणि न जुळणाऱ्यांची यादी थेट हिशेबप्रमुखांना मेलने पाठवायचा.

यंत्राची परीक्षा घ्यावी म्हणून शुक्रवारी तिनेच जुनी बिलं त्यात घातली. सोमवारी सकाळी दादाच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या.

हातमोजे आणि गॉजच्या पुरवठादाराची चौदा बिलं होती, त्यातली अकरा लाल झाली होती. अकराच्या अकरा ठिकाणी बिल ऑर्डरपेक्षा जास्त, आणि अकराही ऑर्डरींवर सही दादाची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा व्हायचं नशीब धाकटीच्या वाट्याला आलं. तिचा सकाळचा चहा तसाच राहिला.

ती धावत हिशेबप्रमुख साहेबांकडे गेली. "साहेब, मी आत्ता फाइल उघडून बघितली. मार्चचं बिल शहाऐंशी हजार चारशेचं आहे. ऑर्डरही तेवढ्याचीच आहे. पैसेही तेवढेच गेलेत. प्रोग्राम ब्याण्णव हजार दीडशे कुठून वाचतोय कोण जाणे."

हिशेबप्रमुख वाईट माणूस नव्हता, फक्त सहा महिन्यांत निवृत्त होणार होता आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला कुठल्याही कागदाची भीती वाटते. तो म्हणाला, "यंत्राला वेगळं दिसलं आणि तुम्हाला वेगळं दिसतंय, म्हणजे मधे कोणीतरी फाइल बदलली. आणि बाई, यंत्राला भाऊ नाही. तुम्हाला आहे. तीन वाजता कमिटी बसतेय. तोपर्यंत कारण आणा, नाही तर पोलिसांत तक्रार जाईल."

बाहेर बाकावर दादा बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

तळघरात परत येऊन तिने सगळ्यांत आधी तीच बिलं प्रोग्राममधून पुन्हा काढली. तेच आकडे आले. म्हणजे फाइल कोणी बदलली नव्हती. आजच्याच फाइलमध्ये डोळ्याला एक दिसत होतं आणि यंत्राला दुसरं. हे कळलं, पण याने कोणी सुटणार नव्हतं. साडेदहा झाले होते. वहिनीचे चार फोन येऊन गेले होते आणि पाचवा उचलायची हिंमत तिला झाली नाही. ज्या माणसाने बाप गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून हिला शिकवलं, त्याच्या हातात बेड्या पडणार आणि त्या हिनेच काढलेल्या यादीमुळे. रडायलाही वेळ नव्हता, याचं तिला जास्त रडू येत होतं.

तिने अकरा ओळी कागदावर उतरवल्या, कारण कागदावर तिला जास्त दिसायचं. आणि दिसलंच. यंत्राने वाचलेले आकडे अकरा नव्हतेच. पहिल्या चार ओळींत सगळीकडे ब्याण्णव हजार एकशे पन्नास. पुढच्या सातांत सगळीकडे एक लाख चार हजार सहाशे. ब्याण्णव हजार एकशे पन्नास हे तर याच पुरवठादाराचं दुसरं बिल होतं, न चुकता जुळलेलं. एक लाख चार हजार सहाशे हे सातवं, तेही जुळलेलं. जुन्या बिलांचे आकडे नव्या बिलांत आले कसे? काखेत कळसा होता आणि ही गावभर फिरत होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला तिने अक्षरशः ओढून आणलं. त्याने मार्चचं बिल उघडलं, 'एकूण' समोरच्या चौकोनावर माउस ओढला, कॉपी केलं आणि कोऱ्या पानावर चिकटवलं. एका आकड्याच्या जागी चार आकडे पडले, एकाखाली एक: ६४०, ७८,२००, ९२,१५०, ८६,४००.

"ताई, हा माणूस बिल नवीन करतच नाही," तो हसत म्हणाला. "गेल्या महिन्याची पीडीएफ उघडतो, आकड्यावर पांढरी पट्टी मारतो, वर नवा आकडा लिहितो. आपल्याला वरचा दिसतो. पण पट्टीने खालचं अक्षर जात नाही, फाइलमध्ये तसंच राहतं. प्रोग्रामला सगळे दिसतात, आणि 'एकूण'समोर जास्त आकडे दिसले की तो मोठ्यात मोठा उचलतो. लहान दुकानदार सर्रास करतात असं."

म्हणून तीन बिलं जुळली होती. पहिलं, आणि नंतरची ती दोन, ज्यांचा आकडा तोपर्यंतचा सर्वांत मोठा होता. बाकी प्रत्येक वेळी यंत्राने खालचा जुना मोठा आकडा उचलला होता. धाकटीने कॉम्प्युटरवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला, तेव्हा तो बिचारा अवघडून जिना चढून गेला.

तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, रडू नका. सुटला. काही केलं नाहीये त्याने, त्या पुरवठादाराच्या आळसाने सगळा घोळ झालाय." पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती पाणी प्यायली.

आता फक्त पुरावा मांडायचा होता. चौदा बिलांचे चौकोन कॉपी करून तिने तक्ता केला. प्रत्येक बिलात आधीच्या सगळ्या बिलांचे आकडे ओळीने सापडले. सगळे आकडे ओळखता आले, एक सोडून. प्रत्येक यादीच्या डोक्यावर सहाशे चाळीस होतं, आणि सहाशे चाळीसचं बिल या पुरवठादाराने कधी दिलंच नव्हतं. दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. पण हिला एका पैशाचा फरक झोपू द्यायचा नाही. तिने पहिलं बिल उघडलं आणि चौकोन न निवडता पूर्ण पान निवडून चिकटवलं.

हातमोज्यांच्या खाली वेगळी ओळ आली. पडदे शिवणे, नग आठ, दर ऐंशी. एकूण सहाशे चाळीस. पुरवठादाराच्या नावाखाली एका बाईचं नाव आलं. आणि तळाशी वाक्य: आमच्याकडे काम वेळेवर मिळेल.

ते वाक्य आईने सांगितलं होतं आणि धाकटीने टाइप केलं होतं. कॉलेजात असताना, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. एका गिऱ्हाइकाने छापील बिल मागितलं म्हणून आई दिवसभर हैराण झाली होती आणि संध्याकाळी धाकटीने तिला बिल करून दिलं होतं. आईने तो कागद उजेडात धरून तीनदा वाचला होता. त्या शिवणकामाचं आयुष्यातलं एकमेव छापील बिल ते. त्याची फाइल त्या कॉम्प्युटरमध्ये राहिली, आणि आई गेल्यावर कॉम्प्युटर दादाने नेला.

पुरवठादार कोण, हे शोधायला आता कुठे जायची गरज नव्हती. शेजारच्या खोलीत कोणीतरी चादरी मोजत होतं, एकेक नग मोठ्याने.

पावणेतीनला ती कागद घेऊन वर गेली आणि बाकावर दादाच्या शेजारी बसली. पहिल्या बिलाचं पान तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने वाचलं. त्याची मान खाली गेली.

"माल खोटा नव्हता," तो हळूच म्हणाला. "बाजारातून मी घ्यायचो, वर थोडं लावून इथे द्यायचो. नाव मित्राचं. एकही पेटी कमी दिली नाही मी."

"पण इथे ऑर्डर देणाराही तूच ना, दादा. दर ठरवणारा तूच."

"हो."

"आईचं बिल का घेतलंस?"

"समोर तेच होतं. बिल कसं करायचं, मला काय माहीत? तू केलं होतंस, चांगलं होतं." मग त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "गेल्या वर्षी तू घर घेतलंस तेव्हा मी पैसे दिले. कुठून आले वाटलं तुला? सगळ्या जगाकडे पावती मागतेस. मला कधी मागितली नाहीस."

ते खरं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तरी ओरडायचं कुणावर? एवढी हुशार, एवढी काटेकोर बाई, आणि हा प्रश्न तिने मुद्दामच विचारला नव्हता. तिला स्वतःची किळस आली.

"आकड्यांचा तक्ता दाखव फक्त," दादा म्हणाला. "त्यात खोटं काही नाही. रकमा जुळतातच. वहिनीकडे बघ, पोरींकडे बघ."

तिने आईच्या नावाचं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि आत गेली.

तक्ता साहेबांना लगेच पटला. त्यांनी स्वतः माउस ओढून एक चौकोन कॉपी केला, चार आकडे पडलेले पाहिले आणि लहान मुलासारखे खूश झाले. कमिटीतल्या दोघांनी माना डोलावल्या. साहेबांनी अकरा लाल ओळींपुढे 'जुळते' असं लिहिलं, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "बाई, तुमच्या भावाला आत बोलवा. माफी मागायला हवी त्याची."

धाकटी उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा साहेबांनी तक्त्यावरून बोट फिरवता फिरवता सहज विचारलं, "बाकी सगळे आकडे लागले. हे सगळ्यांत वरचं सहाशे चाळीस तेवढं राहिलं. हे कोणाचं बिल?"

दाराच्या काचेतून दादा दिसत होता. त्याने ऐकलं असावं, कारण तो बाकावरून उठून उभा राहिला होता. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. साहेब पुढे विचारणार नव्हते. सहाशे चाळीससाठी कोणी जीव टाकत नाही. तिने तोंड उघडलं, आणि कागद उजेडात धरून तीनदा वाचणारी बाई कोण, हे माहीत नाही असं काही तिच्या तोंडून निघेना.

"आमच्या आईचं," ती म्हणाली, आणि पर्स उघडली.