रिकामी नळी

सिद्धीला मी वर्षभर एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे माझ्या तोंडाकडे न बघणं. ती काही केल्या शिकत नव्हती.

ही मुलगी नागपूरची. भाऊ व्हाइटफील्डला आयटीत, त्याच्याकडे राहून आमच्या कॉलेजात बी.एस्सी. करायला आली. आमचं कॉलेज हेब्बाळच्या पुढे, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढी तंगडतोड करून वेळेवर यायची आणि लॅबमध्ये शिरली की माझ्यामागे मराठीत सुरू व्हायची, कारण बाकी सगळा वर्ग कन्नडमध्ये बोलणारा. आमचं मराठी घराणं या कन्नड शहरात किती पिढ्या आहे ते आम्हालाही सांगता येत नाही. माझ्या मराठीत कन्नड किती आणि कन्नडमध्ये मराठी किती हे मी कधी मोजलेलं नाही. पण या पोरीचं 'काय करून राहिल्या मॅडम?' ऐकलं की मला उगीच बरं वाटायचं. ते तिला कळू नये म्हणून मी जास्तच खेकसायचे.

मागच्या वर्षी ती फायनलच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला नापास झाली. अनोळखी द्रव ओळखायचा होता. तिने आयोडोफॉर्मची चाचणी केली, नळीतलं पाणी फिकट पिवळं राहिलं, आणि शेजारच्या नळीत पिवळा गाळ बसलेला बघून हिनेही 'साका आला' असं लिहून टाकलं. अगं, पिवळं पाणी म्हणजे साका नव्हे! ते उरलेलं आयोडीन, त्याचा रंगच तो. साका म्हणजे नळी गढूळ होते, पिवळी भुकटी हळूहळू तळाशी बसते आणि दवाखान्यातल्या ड्रेसिंगसारखा वास येतो. हे तिला येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिला नव्हता तो आपल्या डोळ्यांवरचा विश्वास.

म्हणून यंदा मी तिला दर शनिवारी लॅबमध्ये बसवलं. द्रवाचे थोडे थेंब, आयोडीनचं तपकिरी द्रावण, मग कॉस्टिक सोडा थेंब थेंब, तपकिरी रंग जेमतेम जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात नळी धरायची. अॅसिटोनसारखं मिथाइल कीटोन असेल तर गरम करायचीही गरज नसते, लगेच पिवळं येतं. इथेनॉलला जरा ऊब लागते. ज्याच्या रेणूत तसा मिथाइलचा भागच नाही त्याचं काही होत नाही, ते स्वच्छ राहतं. हात तिचे सुरेख चालायचे. पण नळी उजेडात धरली की नजर नळीवर नाही, माझ्या कपाळावर! आठी दिसली की लगेच, "नाही ना जी मॅडम? साका नाही ना?"

"मी काय लिटमस पेपर आहे का?" मी ओरडायचे. "नळीकडे बघ! आणि आधी रिकामी नळी लाव. द्रवाऐवजी नुसतं पाणी घालून तीच चाचणी कर. पाण्याला पिवळं आलं तर दोष द्रवाचा नाही, तुझा."

रिकामी नळी कुणी लावत नाही. वेळखाऊ काम, त्याला मार्कही नाहीत. मीसुद्धा ते सवयीने बोलते, जेवताना आई 'पाणी पी' म्हणते तसं.

यंदा पास होणं तिला भागच होतं. होसकोटेच्या एका रंगाच्या कारखान्याने तिला त्यांच्या लॅबमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं, पण पदवी हातात आली तरच. पुन्हा नापास झाली असती तर वडील तिला नागपूरला परत नेणार होते. त्यांच्या मते तिला इकडे पाठवणंच चुकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजात पाणी नव्हतं. उन्हाळ्यात आम्हाला त्याचं काही वाटत नाही, टँकर येतो तेव्हा येतो. सकाळी करंटही गेला. धुतलेल्या टेस्ट ट्यूब आम्ही नेहमी शेवटी अॅसिटोनने विसळतो, म्हणजे पाणी निघून जातं, आणि मग ओव्हनमध्ये ठेवून कडकडीत वाळवतो. त्या दिवशी ओव्हन बंद. मी घाईघाईत सगळ्या नळ्या अॅसिटोनने विसळल्या आणि तशाच रॅकमध्ये उभ्या करून ठेवल्या. वाळतील आपोआप, असं म्हटलं. माझं लक्ष बाटल्यांवर नंबर चिकटवण्यात होतं.

बाहेरचे परीक्षक अरविंद सर. आमच्यासारखेच इथले जुने मराठी, शिस्तीचे कडक, पण मला वीणाक्का म्हणतात. त्यांनी आल्या आल्या बजावलं, "वीणाक्का, परीक्षा चालू असताना पोरांशी एक शब्द नको हं. खाणाखुणा पण नको."

"मी भिंतीकडे तोंड करून बसू का?"

"बसलात तर बरंच," ते हसून म्हणाले.

चिठ्ठ्या निघाल्या. सिद्धीच्या वाट्याला आलेली बाटली मीच भरली होती. त्यात सायक्लोहेक्सॅनोन होतं. म्हणजे कीटोन, पण मिथाइल कीटोन नव्हे. आयोडोफॉर्म येणार नाही. नेमका तोच, मागच्या वर्षी तिला बुडवणारा द्रव. मला हसावं की रडावं कळेना.

तिने सुरुवात छान केली. डीएनपीचा नारिंगी साका आला, म्हणजे कार्बोनिल आहे. चांदीचा आरसा आला नाही, म्हणजे अल्डिहाइड नव्हे. तिने कीटोन असं लिहिलं. मी मनात म्हटलं, शाब्बास. मग तिने आयोडोफॉर्मसाठी नळी घेतली. द्रव, आयोडीन, कॉस्टिक. तपकिरी रंग गेला आणि नळी पिवळी गढूळ झाली. गरम न करताच!

पिवळं पाणी नव्हतं ते, चांगला साका होता. ही पोरगी आता 'मिथाइल कीटोन' लिहिणार आणि बुडणार. काय केलंस बाई तू? दुसऱ्याच्या बाटलीत ड्रॉपर बुडवलास का? माझं कपाळ आपोआप आवळलं. माझ्या लक्षात आलं तशी मी चटकन खुर्ची फिरवली आणि खरंच भिंतीकडे बघत बसले. तिथे मूलद्रव्यांचा जुना तक्ता होता. त्यातलं आयोडीन मला त्या क्षणी डोळ्यांसमोर नको होतं.

पाठीमागे बराच वेळ काचेचा किणकिणाट चालला होता. मग पावलं वाजली. सिद्धी आमच्या टेबलाशी आली होती, अरविंद सरांसमोर. तिच्या हातात दोन नळ्या होत्या. एक पिवळी गढूळ, एक स्वच्छ.

"सर, या दोन्हींत माझा द्रव नाहीच," ती म्हणाली. तिने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. "दोन्ही रिकाम्या आहेत. नुसतं पाणी घालून चाचणी केली मी. ही रॅकमधली नळी, जशी होती तशी. ही दुसरी माझ्या पिण्याच्या पाण्याने तीनदा धुतलेली. पाण्याला साका येऊन राहिला, सर. नळ्यांमध्येच काहीतरी आहे."

अरविंद सरांनी रॅकमधली एक कोरी नळी उचलून तिचा वास हाताने नाकाकडे घेतला. मी त्याआधीच उठले होते. तळाशी उरलेले अॅसिटोनचे थेंब मला आता लांबूनही दिसल्यासारखे झाले. अॅसिटोन! मिथाइल कीटोनांचा राजा, आणि मी स्वतःच्या हातांनी तो सगळ्या पोरांच्या नळ्यांत घालून ठेवला होता. इतकी वर्षं शिकवून ही अक्कल.

"सर, नळ्या मी विसळल्या आहेत अॅसिटोनने," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "वाळवल्या नाहीत. पोरांची यात काही चूक नाही."

अरविंद सरांनी नळी रॅकमध्ये परत ठेवली. मग हळूच म्हणाले, "सरी, ठीक आहे. सगळ्यांनी नळ्या धुवून सगळ्या चाचण्या परत करायच्या. वेळ वाढवून देऊ. वीणाक्का, पाणी?"

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मी तुपाच्या बरणीसारखा जपून ठेवला होता. तो मी कपाटातून काढून मधोमध ठेवला. पोरांनी माझ्याकडे बघून तोंडं लपवली. हसा म्हटलं, हसा, आज तुमचा दिवस.

सिद्धीने सगळं पहिल्यापासून केलं. डीएनपी पुन्हा नारिंगी. आरसा पुन्हा नाही. मग आयोडोफॉर्म. तपकिरी रंग गेला, नळीत हलकी पिवळसर झाक राहिली. तिने ती कोमट पाण्यात धरली, बाहेर काढून थंड केली. पाणी आरपार दिसत होतं. शेजारी शंतनू नावाचा मुलगा होता, त्याच्या नळीत या वेळीही दाट पिवळा गाळ बसला, कारण त्याच्या बाटलीत खरोखरच अॅसिटोन होतं. सिद्धीने तिकडे एकदा बघितलं. मागच्या वर्षीचं सगळं तिच्या मनात आलं असणार, माझ्या तर आलंच. तिने आपली नळी उजेडात धरली, रिकाम्या नळीच्या शेजारी लावली, दोन्ही सारख्याच आहेत हे पाहिलं आणि लिहायला बसली.

तोंडी परीक्षेत अरविंद सरांनी विचारलं, "सगळ्यांना पिवळं आलं होतं. तुलाच रिकामी नळी लावायचं का सुचलं?"

"गरम करायच्या आधीच आलं ना सर, फार सहज," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी सहज मानलं होतं. म्हटलं, आधी आपलीच चूक शोधावी."

त्यांनी लगेच मार्कांचा कागद पुढे ओढला. मार्क गुपित असतात, पण तो माणूस मार्क देताना गुणगुणत होता. मला तेवढं पुरलं.

सगळं आटोपल्यावर ती जिन्यात बसलेली दिसली. ओठ सुकले होते. पिण्याचं पाणी नळ्यांत गेलं होतं. मी माझी बाटली तिच्या हातात दिली. "पी. आणि एवढ्या उन्हात एकच बाटली घेऊन येतं का कुणी?"

ती घटाघटा प्यायली. मला राहवेना. "काय गं, ते पहिलं पिवळं आलं तेव्हा माझं तोंड बघितलं असतंस तर तुला लगेच कळलं असतं. माझं कपाळ ना, स्वल्प जरी काही झालं तरी आवळतं. बघितलं नाहीस ते बरं झालं."

"माहीत होतं मला," सिद्धी म्हणाली. "तुम्ही तिथे बसून राहिल्या होत्या, हेही माहीत होतं. म्हणून तर तुमच्याकडे पाठ करून उभी राहिले, मॅडम. अगदी पहिल्यापासून."

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. वर्षभर मी हेच तर मागत होते तिच्याकडे. मिळालं तेव्हा डोळे भरून आले, आणि खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं. आता ही होसकोटेला जाणार, नळी उजेडात धरणार, आणि माझ्या कपाळाची तिला गरज लागणार नाही.

"चल, ऊठ," मी म्हटलं. "बाटली धुवून दे माझी. आणि पाण्यानेच धू."