जिलेटीन कागद आणि आकोफाचा डोळा

मॅडम सेनामनं खिडकीची लाकडी झापडं लावली, फटींत जुनी पोती कोंबली आणि वर्गात अंधार केला, तशी बेचाळीस पोरं एकदम किंचाळली. भीतीनं नव्हे, आनंदानं. आदल्या दिवशी तिनं पाण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांत खायचे रंग कालवून ठेवले होते. पिवळ्या पिशवीवर निळी पिशवी दाबून खिडकीच्या उजेडात धरली की हिरवं दिसतं, हे पोरांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि दिवसभर तळ्याच्या काठच्या त्या गावात सगळ्यांना सांगत सुटली होती. आज त्यांना सावल्यांचा खेळ बघायचा होता.

वर्गाच्या मध्ये दोरीवर पांढरी चादर टांगलेली. बाहुल्या पुठ्ठ्याच्या, खोकी कापून केलेल्या. खराट्याचे हीर चिकटवून त्यांना दांड्या केलेल्या. माशाच्या पोटाला भोक पाडून त्यावर पिवळा जिलेटीन कागद लावला होता आणि पक्ष्याच्या पंखाला निळा. सेनाम चादरीमागे खुर्चीवर बसली, बॅटरी गालाशी धरून. तिच्यात आणि चादरीत चार पोरं बाहुल्या घेऊन उभी.

"मासा मागे आण, एलोर्म. बॅटरीजवळ. हां!"

चादरीवर मासा फुगून बैलाएवढा झाला. पलीकडची पोरं ओरडली. "आता चादरीला चिकटव." मासा एवढासा झाला, कडा सुरीसारख्या स्पष्ट. मग पक्ष्याचा पंख माशाच्या पोटावर आला आणि चादरीवर पिवळ्याचं हिरवं झालं.

"पक्ष्यानं मासा खाल्ला, म्हणून तो हिरवा झाला!" पलीकडून कुणीतरी ठणकावून सांगितलं.

"खाल्ला नाही रे, पिवळ्या कागदावर निळा आला!"

आकोफाच्या हातात खेकडा होता. चार वर्षांची, बारीक, हट्टी पोरगी. तिचा खेकडा सारखा डावीकडच्या एलोर्मच्या माशावर आपटत होता. सेनाम तिला नेहमीप्रमाणे रागावली, "आकोफा, बघून चाल जरा! आंधळी आहेस का?" गेले तीन महिने हेच चाललं होतं. पोरगी डावीकडच्या मुलांना धडकायची, भांडणं व्हायची, आणि सेनाम तिला कोपऱ्यात बसवायची. तिचा एक डोळा कधीकधी नाकाकडे वळायचा. "सरळ बघ" म्हणून सेनाम तिच्या हनुवटीला धरून तोंड फिरवायची.

आकोफा मागे वळली. "मॅडम, मला पण कागद पाहिजे. लाल."

बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावर पडला. उजवा डोळा काळा होता, नेहमीसारखा. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट चमक होती, मांजरीच्या डोळ्यात अंधारात असते तशी. सेनामनं बॅटरी थोडी हलवली. चमक गेली. पुन्हा गालाशी आणली, आणि ती परत आली.

"मॅडम, लाल!"

"देते," सेनाम म्हणाली.

पोरं घरी जायच्या आधी तिनं आकोफाला मांडीवर घेतलं. खेळ म्हणून तिचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि समोर जिलेटीन धरला. "कुठला रंग?"

"लाल. आता निळा. सोप्पं आहे."

मग उजवा डोळा झाकला. आकोफानं तिचा हात ओढला. "मॅडम, हात काढ ना."

"हात या डोळ्यावर नाही, बाळा. बघ, कुठला रंग?"

"तू सगळंच झाकलंयस," आकोफा वैतागून म्हणाली आणि रडायला लागली.

सेनाम तशीच दवाखान्यात गेली. बाळांची वजनं घेणाऱ्या झिफा सिस्टर हातातलं काम टाकून उठल्या. "आकोफा मानसाची ना? मासे भाजते ती? तिला सांग, उद्याच जिल्ह्याच्या इस्पितळात जा. उद्या म्हणजे उद्या. लहान पोरांच्या डोळ्यात गाठ होते, ती अशीच चमकते. डोळ्याचं सोड, जीव वाचवायचा असतो."

मानसा धक्क्याजवळ मातीच्या भट्टीपाशी मासे धुरावर लावत होती. पाठीशी सहा महिन्यांचा सेलासी बांधलेला. सेनाम सांगत गेली आणि मानसाचे हात थांबले. सेनामला वाटलं, आता ती रडेल. ती उसळली.

"काय केलंस माझ्या पोरीला? अंधार करून डोळ्यात बॅटरी मारलीस! सकाळी धडधाकट पोर पाठवली होती मी शाळेत!"

"आकोफाच्या आई, बॅटरीनं असं होत नाही. आधीपासून असणार. मला फक्त दिसलं."

"तुलाच बरं दिसलं! मी जन्म दिला, मला नाही दिसलं? अक्षरं शिकवायची सोडून सावल्या नाचवतेस. सावलीशी कुणी खेळतं का?"

शेजारच्या भट्ट्यांवरच्या बायका जवळ आल्या. एकीनं विचारलं, "काय झालं गं?" आणि मानसानं मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बालवर्गात पोरांच्या डोळ्यांवर उजेड मारतात आणि मानसाच्या पोरीचा डोळा त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकोणीसच पोरं आली. हेडमास्तरीण बाई, मॅडम आग्बेको, दारातच उभ्या होत्या.

"चादर काढ ती."

"मॅडम, खेळाचा काही दोष नाही. अभ्यासक्रमातच आहे, खेळातून शिकवा म्हणून."

"मला ठाऊक आहे. त्या बायांना ठाऊक नाही. उद्या कुणी दगड घेऊन आलं तर अभ्यासक्रम दाखवू का त्यांना? काढ."

सेनामनं चादर काढली, घडी घातली. पुठ्ठ्याच्या बाहुल्या कपाटात ठेवल्या. पोरांनी विचारलं, मासा कुठं गेला? तिनं पाढ्यासारखी अक्षरं म्हणून घेतली. पोरं कंटाळून म्हणत राहिली. तिच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता: सिस्टरनं उद्या म्हटलं होतं, तो उद्या संपत आला.

शाळा सुटल्यावर ती पुन्हा भट्टीकडे गेली. या वेळी मानसा ओरडली नाही. जाळीवरचे मासे करपत होते तरी ती नुसती बसून होती.

"आज गेला नाहीत ना?" सेनामनं विचारलं.

"नाही."

"मी येते सोबत. उद्या पहाटेची ट्रोट्रो गाडी धरू. रजा टाकते."

मानसानं भट्टीतली राख काडीनं उकरली. मग खाली बघत म्हणाली, "फोटोत आलं होतं. तिच्या वाढदिवसाला. दिराच्या फोननं काढला, झोपडीत अंधार होता म्हणून उजेड पाडून. सगळ्यांचे डोळे लाल आले आणि हिचा एक पांढरा. मी दिराला म्हटलं, पुसून टाक. सासू म्हणाली, पोरीत कुणीतरी आहे, बोलू नकोस कुठं. मी बोलले नाही."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने." मग एकदम मान वर करून ती म्हणाली, "तू माझ्याकडे अशी बघू नकोस."

"मी नाही बघत तशी," सेनाम म्हणाली. "मी तिला तीन महिने कोपऱ्यात बसवत होते. धडपडते म्हणून."

मानसानं करपलेले मासे बाजूला काढले.

पहाटे त्या निघाल्या. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत पुढची चिठ्ठी दिली, राजधानीच्या, अक्राच्या मोठ्या इस्पितळाची. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, हळू बोलत होत्या, पण गोल गोल बोलल्या नाहीत. गाठीनं डावा डोळा भरला आहे. त्या डोळ्याला आता दिसत नाही, आणि तो ठेवला तर गाठ मेंदूकडे जाईल. डोळा काढावा लागेल.

"काढून काय उरलं मग?" मानसा म्हणाली.

"मुलगी उरेल," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

संमतीच्या कागदावर मानसानं अंगठा उठवला नाही. तिला लिहिता येत होतं; तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर दाबून, आणि कागद फाटला म्हणून दुसरा द्यावा लागला.

ऑपरेशननंतर आकोफा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून ओरडली आणि सेनामनं आणलेली मक्याच्या पिठाची केंकी तळलेल्या माशाबरोबर अर्धी खाल्ली. काढलेल्या डोळ्याची तपासणी झाली. गाठ डोळ्यामागच्या नसेपर्यंत पोचली नव्हती. "बहुतेक एवढ्यावर सुटली," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "बहुतेक" हा शब्द मानसानं त्यांना दोनदा म्हणायला लावला. मग त्या म्हणाल्या, "धाकटा आहे ना पाठीशी? त्याचेही डोळे बघायला हवेत. कधीकधी भावंडांत असतं."

मानसाचा चेहरा राखेसारखा झाला. "त्याला काही नाही. तो सरळ बघतो."

"असूदे. बघू तरी."

सेलासीच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागतो म्हणाले. मानसा तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसली, बाळाला छातीशी घट्ट धरून. आत बोलावलं तेव्हा ती उठलीच नाही.

"मॅडम, तुम्ही न्या," ती म्हणाली. तिनं सेनामला 'तुम्ही' म्हटलं ते पहिल्यांदाच. "मला बघवणार नाही. पण खोटं सांगू नका हं मला. काय असेल ते सांगा."

खोलीतला दिवा मालवला. बाळाला फडक्यात गुंडाळलं होतं; सेनामनं त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. डॉक्टरीण बाईंनी उजेड पाडला. सेनामला त्या डोळ्यांत बघायचं नव्हतं, तरी ती बघत राहिली. एक डोळा तांबूस चमकला, मग दुसराही तसाच. बाळ भोकाड पसरून रडत होतं, डोळे मिटून घेत होतं. बाईंनी हळूच पापणी उघडली, बराच वेळ बघितलं, इकडून, तिकडून.

"दोन्ही स्वच्छ आहेत. तीन महिन्यांनी परत आणा. चार-पाच वर्षांचा होईतो आणत राहावं लागेल."

सेनाम बाहेर आली आणि तिनं जसंच्या तसं सांगितलं, तीन महिन्यांचंही. मानसानं बाळ घेतलं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं. पाठ हलत होती, आवाज मात्र फुटत नव्हता.

परतीच्या ट्रोट्रोत आकोफा खिडकीशी बसली, डोळ्यावर पांढरी पट्टी. गाडी तळ्याच्या बाजूनं वळली तेव्हा मानसा म्हणाली, "माझा राग गेलेला नाही तुमच्यावर. कळतं सगळं. तरी तुमचं तोंड बघितलं की तो दिवस आठवतो."

"येऊ दे राग," सेनाम म्हणाली.

"पोरगी शाळेत येईल. पण पोरं चिडवतील."

"चिडवतील. मी असेन तिथं."

"कोपऱ्यात बसवू नका."

"नाही बसवणार. तिच्या डाव्या हाताला मी बसेन."

मानसानं मान हलवली. सेलासी तिच्या मांडीवर झोपला होता, थेंबांनी डोळ्यांभोवती अजून ओलं होतं. तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं ते पुसलं.