डावा पाय

मास्तरांची बायको उभ्या आयुष्यात कधी ग्लायडरमध्ये, त्या बिनइंजिनाच्या विमानात, बसली नव्हती. नवरा लोकांना उडायला शिकवतो म्हणून आपणही उडलंच पाहिजे, हे तिला कधी पटलं नाही. पण महिन्यापूर्वी एकदा भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "या वेळी नेता का मला वर?" आणि मास्तरांनी ती गोष्ट क्लबभर केली. त्यामुळे आज ती हँगरबाहेरच्या बाकावर टोपी घालून, वरून रुमाल बांधून बसली होती, परीक्षेला बसावं तशी. त्याआधी फक्त मास्तरांचं वार्षिक तपासणीचं उड्डाण उरकायचं होतं, आणि ते घेणार होती त्यांची लेक.

दुसरं कुणी घेणारं नव्हतंच. क्लबात शिकवणारे दोघेच, बाप आणि लेक. लेकीलाही तो उपचारच वाटत होता. मास्तरांना तपासायचं म्हणजे सूर्याला काडेपेटीची काडी ओढून दाखवण्यासारखं.

जमिनीवरच्या विंचने, दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर वर खेचला, दोर सुटला आणि एकदम शांत झालं. मास्तर पुढच्या सीटवर, लेक मागे. दोघांच्या हातांतल्या दांड्या आणि पायांखालची पेडलं आतून जोडलेली असतात. पुढच्याने काही हलवलं की मागच्याच्या हातापायांखालीही ते हलतं. लेकीने आपले पाय पेडलांवर नुसते टेकवले आणि आरामात बसली.

"डावीकडे वळा, बाबा."

दांडी डावीकडे गेली. पेडलं जागची हलली नाहीत. नाक किंचित उजवीकडे सरकलं, मग डावं पेडल आत गेलं आणि नाक परत आलं. पुढे वळण अगदी सुरेख. ग्लायडर तिरका घसरला की कलणारा, काचेवर चिकटवलेला लोकरीचा दोरा सरळ उभा.

ती सरसावून बसली.

कारण ही चूक ओळखायला मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. दांडी डावीकडे नेली की उजव्या पंखावरची झडप खाली वाकते. तो पंख वर उचलला जातो, पण त्या उचलण्याची किंमत म्हणून हवा त्याला मागेही ओढते. मग वळायचं डावीकडे आणि नाक निघतं उजवीकडे. ग्लायडरचे पंख लांबलचक, त्यात तर हे फारच. म्हणून हात डावीकडे जातानाच डावा पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर गेला पाहिजे. नंतर नाही, बरोबरच. "हात आणि पाय एका घरचे," मास्तर म्हणायचे, "एकाने निघायचं आणि दुसऱ्याने चपला शोधायच्या, असं चालणार नाही."

आज त्यांचा पाय चपला शोधत होता.

"उजवीकडे."

पुन्हा तेच. आधी दोरा कलला, मग पाय गेला. दोरा बघून ते चूक दुरुस्त करत होते. दिसायला बेमालूम, बाहेरून पाहणाऱ्याला कळलंही नसतं. तिच्या तळपायांना मात्र कळत होतं.

"बाबा, दोऱ्याकडे नका बघू. त्या पाण्याच्या टाकीकडे बघत डावीकडे वळा."

"टाकी कशाला आता?"

"बघा तर."

ते टाकीकडे बघत वळले. दोऱ्याचं टोक उजवीकडे लोळलं आणि तिथेच राहिलं. पेडल जागचं हललं नाही. ग्लायडर एका बाजूला घसरत होता आणि मास्तर निवांत टाकी न्याहाळत होते.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"उतरू या," ती म्हणाली. दांडी तेव्हाच आपल्याकडे घ्यायला हवी होती. पण तो बाप होता, आणि एवढ्या उंचीवर काही होत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

शेवटचं वळण जमिनीच्या जवळ असतं. तिथे वेगही बेताचा, आणि डोळे दोऱ्यावर ठेवून चालत नाही, ते उतरायच्या पट्टीवर लागतात. मास्तरांनी पट्टी पाहिली आणि दांडी डावीकडे नेली. पाय नाही. नाक उजवीकडे गेलं, वळण रेंगाळलं, आणि पट्टी बाजूला निसटायला लागली. ते त्यांना दिसलं तेव्हा मात्र डावं पेडल दाणकन आत गेलं. दोरा सपकन आतल्या बाजूला पडला. डावा पंख खाली जाऊ लागला. त्यांनी दांडी उजवीकडे दाबली आणि नाक उचलायला मागे ओढली. वाऱ्याचा आवाज कमी झाला. पुढे काय होतं ते दोघांनी कितीतरी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं: आतला पंख एकदम जीव सोडतो, ग्लायडर गिरकी घेत खाली जातो, आणि एवढ्या उंचीवरून कुणी त्यातून बाहेर येत नाही.

"माझ्याकडे द्या. पाय काढा."

मास्तरांनी दांडी लगेच सोडली. तिने ती पुढे ढकलली. डावं पेडल मात्र तसंच आत, भिंतीसारखं.

"बाबा, पाय काढा."

"काढलाय," मास्तर शांतपणे म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की पाय काढलाय. तिने दोन्ही टाचा रोवून उजवं पेडल सगळ्या ताकदीने दाबलं, बापाच्या पायाशी झुंजत. दोरा हळूहळू मधे आला, वाऱ्याचा आवाज परत भरला, पंख सरळ झाले. कुंपणावरून जेमतेम पार होत ग्लायडर गवतावर आपटला, घसरला आणि थांबला.

लेक उतरली, पुढे गेली आणि म्हणाली, "बूट काढा."

"नाटकं नकोत."

"काढा, बाबा."

तिनेच वाकून डावा बूट ओढला. मोजा रक्ताने चिकट झाला होता. बुटातून बोल्टाचा एक नट खाली पडला, हँगरमधला, सकाळी कधीतरी आत गेलेला. तो दिवसभर टाचेत रुतत होता आणि मास्तर त्यावर चालत होते. त्यांनी टाचेकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाची असावी तसं.

आई धावत आली होती. तिने टोपीवरचा रुमाल सोडला आणि टाच बांधायला घेतली. तिला अजिबात आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" लेकीने विचारलं.

"साखरेच्या दुखण्याने पाय बधिर झालेत त्यांचे. मागे कढत पाण्यात पाय घालून बसले होते, कातडं सोललं तरी पत्ता नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस? वर त्यांच्यासोबत बसायला निघालीस?"

"सांगितलं असतं तर तू त्यांचं उडणं बंद केलं असतंस," आई गाठ मारत म्हणाली. "मग घरी बसून ते किती दिवस काढणार होते? म्हटलं, जाणारच आहेत तर एकटे नकोत."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने वर पाहिलं नाही.

लेकीला दोघांचाही राग आला. "आजपासून बंद," ती म्हणाली. "शिकवणंही."

"दोरा बघून उडवीन की," मास्तर म्हणाले.

"आणि उतरताना?"

मास्तरांनी बूट परत घातला आणि उठले. ग्लायडर हँगरात न्यायचा होता. लेक शेपटीकडे गेली आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पंखाचं टोक धरलं. रुमालातून रक्त झिरपून बुटाच्या कडेशी आलं होतं. ते सावकाश चालत राहिले, पट्टीच्या या टोकापासून हँगरच्या दारापर्यंत, आणि एकदाही लंगडले नाहीत.