सोमवार-गुरुवारची पोटदुखी

भारतच्या पोरीला भीती वाटायची तेव्हा ती भारतच्याच वाट्याला यायची. मखमलाबादच्या मळ्यात तो झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला करायचा. बायको मनीषा सातपूरच्या एका कारखान्यात स्विच जोडायच्या कामाला होती. पहिल्या पाळीला ती पावणेसहालाच घर सोडायची. मग पोरीची वेणी, डबा, शाळा आणि शाळेच्या दारातली रडारड, हे सगळं भारतकडे. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. फुलबाजारातून साडेसातला घरी येऊन तो झेंडू ओवावा तशा सफाईने वेणी घालायचा.

पंच्याण्णव साली भाग्यश्री तीन वर्षांची झाली आणि बालवाडीत गेली. घरात तिला भागी म्हणत. पहिल्या दिवशी भारतने सगळे बाप करतात तेच केलं. पोर घसरगुंडीकडे बघतेय असं पाहून तो मागच्या मागे सटकला. दुसऱ्या दिवशी भागी घसरगुंडीकडे बघेचना. तिने त्याच्या पायजम्याची नाडी धरली ती धरलीच. चौथ्या दिवसापासून ती घरातसुद्धा त्याला नजरेआड होऊ देईना. तो संडासला गेला तरी दाराबाहेर बसून हाका मारायची.

बालवाडीच्या सुलाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत.

"पळून जाता ना तुम्ही? म्हणून ती राखण करते तुमची. नजर हटली की बाप गायब, हे तिला कळलंय."

"सांगून गेलो तर लय रडते, बाई."

"रडू द्या. सांगून जा आणि सांगितल्यासारखं परत या. अकरा वाजता येतो म्हणू नका, तिला घड्याळ कळत नाही. खिचडी खाऊन झाली की येतो म्हणा. आणि दारात घुटमळू नका. तुमचं तोंड पडलेलं दिसलं की तिला वाटतं, इथं खरंच काहीतरी भ्यायसारखं आहे."

भारतने तसंच केलं. खांद्यावरचं उपरणं तिच्या हातात दिलं, "खिचडी झाली की येतो" म्हणाला आणि वळला. मागून आलेली किंकाळी त्याच्या पाठीत घुसली. कोपऱ्यावर तो थांबून राहिला. बिडी अर्धी होते न होते तोच रडणं थांबलं होतं. खिचडीच्या पातेल्यावर झाकण पडायच्या आत तो दारात हजर झाला. तीन आठवड्यांनी उपरणं दप्तरात राहायला लागलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन दिवस रडणं झालं, पण तोवर त्याला ठाऊक होतं की सुट्टीनंतर आणि आजारपणानंतर असं होतंच, ती काही माघार नव्हे.

त्यानंतर भीती आली ती वेगळीच. पाचव्या वर्षी भागीला विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत कोणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. भारतची आई नातीला जेवायला लावताना त्याच खोलीतल्या बुवाचं नाव घ्यायची. ते भारतने आधी बंद केलं. "तिथं काय नाय" असं त्याने चार वेळा सांगून पाहिलं, पण ज्या वयात काठीचा घोडा होतो त्या वयात कोपऱ्यातल्या गोणीचा माणूसही होतोच. मग एके दुपारी तो तिला बॅटरी देऊन खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत. चौथ्या दिवशी भागीने स्वतः स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि मोटार घरघरली. पुढे पाणी सोडायचं म्हटलं की तीच पुढे धावायची.

सातव्या वर्षी शेजारचा नाथा गेला. काल बांधावर बोलत बसलेला माणूस आज तिरडीवर, हे भागीने पाहिलं. आता भूत-बुवा तिच्या खिजगणतीत नव्हते. आता तिला खरं काय होऊ शकतं ते कळायला लागलं होतं. आईची बस दहा मिनिटं उशिरा आली की ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची. "आप्पा, आई मरणार का?" दिवसातून दहादा. "नाय मरणार" म्हटलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. शेवटी भारतने तिला समोर बसवलं. माणसं मरतात, बहुतेक म्हातारी होऊन मरतात, आणि समज आम्हाला काही झालंच तर तू दिंडोरीला मामाकडे राहशील, मामाला आम्ही सांगून ठेवलंय, हे त्याने खरं खरं सांगितलं. मनीषाला ते ऐकवेना. भागीने मात्र शांतपणे विचारलं, "मामाच्या द्राक्षाच्या मळ्यात मला कुत्रा पाळता येईल का?" त्यानंतर प्रश्न हळूहळू कमी झाले.

म्हणून दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात, भागी तेराची असताना, तिने शाळेला जायचं नाकारलं तेव्हा भारत डगमगला नाही. पोरीची भीती कशी काढायची हे आपल्याला येतं, असं त्याला वाटत होतं.

सातवीपर्यंत भागी गावच्या शाळेत होती. आठवीला तिला गंगापूर रोडकडच्या एका मोठ्या शाळेत घातलं. पहिला महिना बरा गेला. मग सकाळी पोटात दुखायला लागलं. कळ खरी होती. पोर घामाघूम व्हायची, कधी उलटी काढायची. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी-रक्त तपासलं, काही निघालं नाही.

"नाटक करते का?" मनीषाने विचारलं.

"नाटक नाही," डॉक्टर म्हणाले. "मन घाबरलं की पोट आवळतं. रविवारी दुखतं का?"

रविवारी दुखत नव्हतं.

त्यांनी तिला चार दिवस घरी ठेवलं. अकरा वाजले, शाळा भरली, की पोट थांबायचं आणि भागी भारतसोबत फुलं तोडायला यायची. पण पाचव्या दिवशी ती दप्तराला हातच लावेना. जितके दिवस घरी, तितकी शाळा मोठी होत चालली होती.

भारतने बालवाडीचा उपाय काढला. तिला मोटारसायकलवर बसवून तो थेट फाटकात गेला, सगळ्यांदेखत म्हणाला, "साडेपाचला येतो, नीट बस," आणि वळला. भागी आत गेली. संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "परत फाटकाशी येऊ नका."

त्याने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. झेंडूचे पिवळे डाग धुऊनही जात नसत. त्याला लागलं. रात्री तो मनीषाला म्हणाला, "पोरगी माझी लाज धरायला लागली."

"तुमची नाही," मनीषा म्हणाली. "स्वतःची. अहो, ती तीन वर्षांची होती तेव्हा तुम्ही दिसेनासे व्हाल म्हणून भ्यायची. आता सगळ्यांना आपण दिसतोय म्हणून भिते. तुम्ही जुनंच औषध पाजताय."

बायकोचं बरोबर होतं.

त्याने प्रश्न विचारणं बंद केलं आणि वार मोजायला लागला. सोमवारी आणि गुरुवारी कळ जोरात, बाकी दिवशी नुसती कुरकुर. शनिवारी दुपारी दोघं शेजारशेजारच्या सरींत शेवंती खुडत होते. तोंडं फुलांकडे, एकमेकांकडे नाहीत. तो सहज म्हणाला, "सोमवारी न् गुरुवारी कोणता तास असतो गं?"

भागीने हातातलं फूल टोपलीत टाकलं.

"मराठीचा. उभं राहून धडा वाचायचा."

"वाचता येतं तुला."

"वाचता येतं. त्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला. मी म्हटलं, 'उत्तर लय सोपं हाय.' सगळा वर्ग हसला. आता मी उठले की मागून कोणीतरी हळूच 'हाय हाय' करतं. मग माझे कान तापतात, आवाज कापतो, अक्षरं हलतात. सगळे माझ्याकडेच बघत असतात, आप्पा."

'काय त्यात एवढं' हे शब्द भारतच्या जिभेवर आले होते. त्याने ते गिळले.

"बाजारात तर तू गिऱ्हाईकाला गप्प करतेस."

"तिथं सगळे असंच बोलतात."

"मी बाईंना भेटू का?"

"नको."

"तुझ्यासमोर भेटलो तर? मी काय बोलायचं ते तू सांग."

तिने टोपली अर्धी भरेपर्यंत विचार केला. "वर्गात नाही. शाळा सुटल्यावर. आणि त्या पोरांची नावं घ्यायची नाहीत."

मराठीच्या गायधनी बाईंनी ऐकून घेतलं. हसणाऱ्यांचं मी पाहते, नावं नकोत, म्हणाल्या. मग भागीला म्हणाल्या, "वाचायची सूट मी तुला देणार नाही. सूट दिली की ही भीती वाढते. पण एकदम साठ जणांसमोरही उभं करणार नाही. आधी मला एकटीला वाचून दाखव. मग कोणा मैत्रिणीला घेऊन ये."

मैत्रीण म्हणून रोशनी होती, पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहणारी, स्वतःही वर्गात तोंड न उघडणारी. पहिला आठवडा भागीने मधल्या सुट्टीत बाईंपुढे वाचलं. दुसरा आठवडा बाई आणि रोशनीपुढे. आवाज कापला की बाई थांबवायच्या नाहीत. "कापू दे. पुढे वाच. किती वेळ कापतो ते बघू." भागीच्या लक्षात आलं की पहिल्या सात-आठ ओळी छाती धडधडते आणि मग, आपण पळालो नाही तर, ती आपली आपणच खाली बसते. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी तिला आदल्या दिवशीच परिच्छेद सांगून ठेवला: चारच ओळी, बाकावरूनच.

त्या गुरुवारी सकाळी पोट दुखलंच. मनीषाची दुसरी पाळी होती, म्हणून ती घरात होती. "राहू दे का आज?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"नको," भागी म्हणाली. "आज राहिलं तर सोमवारी आणखी दुखेल."

ती एकटीच बसने गेली. भारत फाटकाशी गेला नाही. दिवसभर मळ्यात चुकीच्या वाफ्याला पाणी देत बसला. संध्याकाळी ती आली, दप्तर टाकलं आणि भाकरी मागितली.

"वाचलं का?"

"वाचलं. एक जण हसला."

"मग?"

"मग काही नाही. चार ओळी होत्या, मी सहा वाचल्या."

पुढचे सगळे दिवस सोपे गेले असं नाही. सहामाहीच्या तोंडावर पोट पुन्हा आवळलं, पण भागी घरी राहिली नाही. दसऱ्याआधीच्या आठवड्यात, झेंडूच्या धांदलीत, भागी शाळेतून आली ती सरळ खळ्यावर. भारत आणि मनीषा जुड्या बांधत होते. तीही मांडी घालून बसली.

"आज विज्ञानाच्या तासाला सर म्हणाले, फुलाला पाकळ्या असतात, आणि फळ्यावर झेंडू काढला. मी हात वर केला."

"कोणी सांगितलं होतं?" मनीषाने विचारलं.

"कोणीच नाही. मी म्हटलं, सर, झेंडू हे एक फूल नसतं. ती जी पाकळी दिसते ना, ती प्रत्येक एक वेगळं फूल हाय. तिच्या बुडाशी बी धरतं. आमच्याकडं आम्ही बी काढतो. सर म्हणाले, पुढे ये आणि दाखव."

"हाय म्हणालीस?" भारतने विचारलं.

"मी म्हणाले वाटतं. कुणास ठाऊक. मी दप्तरातलं फूल सोलत होते."

भारतने हातातला झेंडू उलटा केला, देठाकडून सोलला आणि एक पाकळी उपसून उजेडात धरली. वीस वर्षं तो हेच फूल लावत होता.

"हे बी मला दरवर्षी दिसतं," तो म्हणाला. "पण दरेक पाकळी म्हणजे एक फूल, हे मला नव्हतं ठाऊक."

"मग बघा नीट," भागी म्हणाली, आणि पुढची जुडी ओढून घेतली.