आटोपशीरपणाचे गुण

वॉर्डांना गुण द्यायची कल्पना साहेबांची. गुण काढायचं काम अर्थातच पालिकेचे नकाशे सांभाळणाऱ्या नकाशेबाईंचं. पालिकेत कल्पना वरच्या मजल्यावर सुचते आणि घाम तळमजल्यावर येतो, ही वाटणी इमारत बांधली तेव्हापासूनची आहे.

निवडणुकीआधी वॉर्डांच्या सीमा पुन्हा तपासायच्या होत्या. काही वॉर्ड भलतेच हातपाय पसरून बसलेत, अशी लोकांची ओरड होती. साहेबांनी भर सभेत जाहीर केलं, "कुणाची शिफारस नको, कुणाचा राग नको. प्रत्येक वॉर्डाला आटोपशीरपणाचे गुण देऊ. सगळ्यात कमी गुण ज्याला, त्याची सीमा मोडून नव्याने आखू. नियम म्हणजे नियम." टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेला नियम मागे घेता येत नाही, हे साहेबांना घरी पोहोचल्यावर सुचलं असावं.

गुण काढायची रीत नकाशेबाईंनीच सुचवली होती. त्यांनी साहेबांना समजावलं ते असं : "समजा तुमच्याकडे ठरावीक लांबीचं कुंपण आहे. त्यात जास्तीत जास्त जागा कधी मावेल? कुंपण गोल घातलं तर. मग आपण बघायचं, तेवढ्याच कुंपणात या वॉर्डानं त्या गोलाच्या किती हिस्सा जागा घेतली. अगदी गोल असेल तर एक. चौकोनाला पाऊण गुणापेक्षा थोडे जास्त. आणि बारीक लांबट असेल तर कुंपण भारंभार, जागा चिमूटभर. गुण घसरतात."

"म्हणजे क्षेत्रफळ आणि परिमिती, एवढंच?"

"एवढंच. क्षेत्रफळाला वर्तुळातल्या पायच्या चौपटीनं गुणायचं, परिमितीच्या वर्गानं भागायचं."

"छान," साहेब म्हणाले. "सोपं आहे. कुणाला कळणार नाही."

शहरातल्या लोकांना एक वॉर्ड तोंडपाठ होता. त्याला सगळे शेपटीवाला म्हणत. बाजारपेठेचा एक चांगला चौकोन, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून निघालेली लांबच लांब पट्टी. पट्टी दोन वॉर्डांच्या मधून सरळ जात एका बंगल्यांच्या वसाहतीला आत घेऊन थांबायची. त्या वसाहतीत साहेबांचे मेहुणे राहत आणि त्याच वॉर्डातून निवडून येत. शेपटी काढली तेव्हा साहेब नवे होते. पट्टी हातानं काढली की पट्टीनं, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. कारण ती इतकी सरळ होती की पट्टीनंच काढली असणार.

तेव्हा सगळ्यात कमी गुण कुणाला मिळणार, यावर पालिकेत चहाच्या पैजा लागल्या होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूनं. शिपायाला कुणी समोरचा गडी मिळेना.

गुण निघाले. नकाशेबाईंनी यादी खालून वाचली आणि चष्मा पुसला. शेपटीवाल्याला ०.२९. तळाला होता नदीकाठचा वॉर्ड, ०.२१.

नदीकाठच्या वॉर्डात बाईंची आत्या राहत होती.

"अगं, आमच्या वॉर्डात वाकडं काय आहे?" आत्यानं संध्याकाळी विचारलं. बातमी बाईंच्या आधी घरी पोहोचली होती. "इकडे रस्ता, तिकडे रस्ता, मागे रस्ता, पुढे नदी. पोरं पाटीवर काढतात तसला आयत."

"मलाही तसाच वाटतो, आत्या. म्हणून तर डोकं फिरलंय."

"आणि मोडणार म्हणजे काय करणार?"

"वरची आळी एका वॉर्डात टाकणार, खालची दुसऱ्यात."

आत्यानं हातातली कढई खाली ठेवली. नदीचं पाणी दर मोठ्या पुरात खालच्या आळीत शिरायचं. संरक्षक भिंतीसाठी दोन्ही आळ्यांनी एकाच नगरसेविकेच्या मागे लागून लागून अर्धी भिंत बांधून घेतली होती. "म्हणजे पाणी आलं की एक म्हणणार भिंत त्याच्याकडे, दुसरा म्हणणार माझ्याकडे नाही. अर्धी भिंत तशीच उभी राहील बघ, स्मारकासारखी."

बाईंपुढची अडचण निराळीच होती. हिशेब चुकला आहे असं म्हणावं, तर साहेब म्हणणार, तुमच्या आत्याबाईंचा वॉर्ड आहे म्हणून चुकला. कारण सापडलं तर ते सगळ्या वॉर्डांना सारखं लागणारं हवं, नाहीतर सापडूनही उपयोग नाही. पण खरं सांगायचं तर आत्या, भिंत आणि साहेब हे सगळं मागे पडून बाईंना एकच गोष्ट टोचत होती : आयताला ०.२१ मिळतातच कसे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर साधा आयत काढला. दोन किलोमीटर लांब, एक रुंद, नदीकाठचा वॉर्ड साधारण तेवढाच. परिमिती सहा. गुण आले ०.७०. मग त्यांनी संगणकाला त्याच वॉर्डाची परिमिती विचारली. संगणक म्हणाला, अकरा.

"पाच किलोमीटर जास्तीचे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "कुठून आणलेस रे बाबा?"

त्यांनी एकेक बाजू वेगळी मोजली. मागचा रस्ता बरोबर. दोन्ही बाजूंचे रस्ते बरोबर. नदीची बाजू, जी चालत गेलं तर दोन किलोमीटर भरते, ती संगणकाच्या मते सात. बाईंनी ती रेषा पडद्यावर मोठी केली. आणखी मोठी केली. मग त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या.

ती रेषा घाटाच्या प्रत्येक पायरीवर चढून उतरली होती. प्रत्येक दगडाला तिनं वळसा घातला होता, झुडपांच्या आत शिरून बाहेर आली होती. काठाला बांधलेल्या होड्यांनाही ती प्रदक्षिणा घालून पुढे गेली होती. पुराच्या कामासाठी साहेबांनी ड्रोननं नदीचा काठ मोजून घेतला होता आणि कंत्राटदाराला बजावलं होतं, "बोटभर काठ सुटता कामा नये." त्यानं सोडला नव्हता. बाकी शहराच्या सीमा मात्र जुन्या नकाशावरून घेतल्या होत्या, तिथं रस्त्याचं वळणसुद्धा दोन रेषांत उरकलेलं. म्हणजे एका पोराला सुईनं चित्र काढायला लावलं, बाकीच्यांना कोळशानं, आणि मग सुईवाल्याला विचारलं, तुझी रेघ एवढी लांब का?

वॉर्ड तोच, जागा तेवढीच. नुसता काठ जवळून पाहिला म्हणून कुंपण वाढलं.

बाईंनी मग सगळ्याच वॉर्डांच्या सीमा एकाच जाडीच्या पेन्सिलीनं काढायचं ठरवलं. संगणकाला सांगितलं, रेषेपासून दहा मीटरच्या आतले खाचखळगे सोडून दे, सगळीकडे, कुणालाही सवलत नाही. होड्या गेल्या, पायऱ्या गेल्या, झुडपं गेली. नदीचं खरं वळण राहिलं. काठ भरला दोन पूर्णांक चार किलोमीटर. नदीकाठच्या वॉर्डाला ०.६१. बाकीचे वॉर्ड जागचे फारसे हलले नाहीत, कारण त्यांच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच. शेपटीवाला ०.२९ वर शांतपणे बसून होता. फक्त आता त्याच्या खाली कुणी नव्हतं.

साहेबांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या.

"बाई, तुमची आत्या नदीकाठी राहते ना?"

"राहते साहेब. म्हणूनच पेन्सिल सगळ्यांना एकच लावली. तुम्ही म्हणाल तो वॉर्ड उघडून दाखवते."

साहेबांनी नदीकाठचाच उघडायला सांगितला. होडीभोवतीची प्रदक्षिणा पाहिली. त्यांनाही हसू आवरलं नाही, आणि आवरलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

"पण दहा मीटरच का?" ते म्हणाले. प्रश्न चांगला होता. वाईट हेतूनं विचारलेले प्रश्न पुष्कळदा चांगले असतात.

"जुन्या नकाशात साधारण तेवढीच चूक असते. त्याहून बारीक जुन्या सीमांत काही खरं नाही, म्हणून नव्यातही धरायचं नाही. पाच धरून पाहिलं, वीस धरून पाहिलं. क्रम तोच राहतो."

"दोनशे धरून बघा."

"दोनशे?"

"चांगली जाड पेन्सिल घ्या. बारीकसारीक लांबट गोष्टी निघून जातील."

बाईंच्या लक्षात आलं. शेपटी शंभर मीटर रुंद होती. दोनशे मीटरच्या आतलं सगळं सोडलं तर शेपटीच जाईल आणि उरेल सुबक चौकोन, असा साहेबांचा हिशेब होता. बाईंनाही कुतूहल वाटलं. जाईल का खरंच? त्यांनी आकडा बदलला आणि दोघं पडद्याकडे बघत बसले.

शेपटी गेली नाही. तिच्या टोकाचे दोन कोपरे मिटून एक झाले, आणि सारख्या जाडीची पट्टी होती तिथं चौकोनातून निघालेली लांब अणकुचीदार सुई झाली. कुंपण जवळपास तेवढंच राहिलं, शेपटीतली जागा मात्र निम्मी गेली. गुण ०.२८.

"कमी झाले?" साहेब म्हणाले.

"ही रीत वळणं सोडते, टोक सोडत नाही. दीड किलोमीटर दूरचं टोक दोनशे मीटरच्या पेन्सिलीत मावणार कसं? पूर्ण कापायची रीतही आहे म्हणा. शेपटी अख्खी जाते, पाऊण गुणाच्या वर मिळतात."

साहेब पुढे सरकले. "मग तीच लावा."

"लावते. फक्त वसाहत वॉर्डाबाहेर पडेल. मेहुणेसाहेबांना मत कुठं द्यायचं, आणि उभं कुठं राहायचं, ते तुम्ही कळवाल?"

बाहेर शिपाई चहाचे कप मांडत होता. आतलं ऐकू यावं म्हणून त्यानं कप आणखी हळू मांडले.

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "ही शेपटी काढली तेव्हा मला वाटलं होतं, सरळ रेषेवर कुणाला संशय येत नाही."

"नजरेला येत नाही, साहेब. पण कुंपण मोजलं की येतो."

"आणि नियम माझाच."

"टाळ्याही तुमच्याच."

साहेबांनी शेरा लिहिला : सर्व सीमा दहा मीटरच्या एकाच मापानं मोजाव्यात, नदीकाठचा वॉर्ड आहे तसा ठेवावा, बाजारपेठेच्या वॉर्डाची सुनावणी लावावी. मग फोन उचलला, अर्धा आकडा लावला आणि ठेवून दिला. "आधी बायकोला सांगतो," ते म्हणाले. "मेहुण्याचं नंतर बघू."

शिपायानं पैज जिंकली होती. पण समोर कुणी लावलीच नसल्यानं त्याला चहा स्वतःचा स्वतःच प्यावा लागला.

संध्याकाळी आत्यानं सगळं ऐकून घेतलं. भिंतीचं निभावलं म्हणून तिचा चेहरा खुलला, पण तिच्या मनात दुसरंच अडकलं होतं.

"होडीलासुद्धा वळसा घातला म्हणतेस? कुठली होडी, हिरवी का निळी?"

"निळी. का गं?"

"ती शेजारच्याची. गेलं वर्षभर मी त्याला सांगतेय, ती मधे बांधू नकोस म्हणून." आत्या पदर खोचून उठली. "थांब, आता पालिकेचा पुरावा आहे."