सतरा नंबरचा बिल्ला

गाड्या नाक्यावर थांबतात. तिथून पुढे फक्त पाय चालतात, आणि सामान चालतं आमच्या डोक्यावर. हे पाहुण्यांना घरूनच सांगितलेलं असतं, तरी प्रत्येक जण गाडीतून उतरून आधी बॅगेची चाकं त्या दगडी चढावर फिरवून बघतोच. दहा पावलांत चाक दोन दगडांच्या मध्ये अडकतं, मग मागे वळून आमच्याकडे बघतात. अठ्ठावीस वर्षं मी हे बघतेय. हसू येतं, पण हसायचं नाही, गिऱ्हाईक आहे.

त्या मंगळवारी मला हसू येत नव्हतं. सकाळपासून मी एका जागी बसले नव्हते. रांगेतल्या दगडावर बसायचं, की लगेच उठायचं, पदर खोचायचा, दंडावरचा बिल्ला चाचपायचा, परत बसायचं. शेजारचा बावीस नंबर म्हणाला, काय गं, लग्न ठरलंय का आज तुझं? मी म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप घाल आधी.

त्याला माहीत होतं. सगळ्या नाक्याला माहीत होतं. आज चार वाजेपर्यंत ऑफिसात माझा अर्ज मंजूर झाला, तर सतरा नंबरचा बिल्ला माझ्या सुनेच्या दंडावर जाणार होता. नाही झाला, तर तो हमालांच्या समितीकडे जमा होणार आणि यादीतला पुढचा कोणीतरी घेणार. नियम सरळ आहे. काम करत असलेला माणूस आपला बिल्ला घरात देऊ शकतो. काम सुटलेला माणूस देऊ शकत नाही, त्याचा बिल्ला आपोआप जातो. आणि माझा उजवा गुडघा गेले तीन महिने काम सोडून बसला होता, फक्त मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

मुकादमाला मात्र संशय आला होता. तो माझ्या नवऱ्याचा दोस्त. बाहेर मला वहिनी म्हणतो, नाक्यावर आला की सतरा म्हणतो. परवा त्याने मला उतारावर भिंत धरून उतरताना पाहिलं. म्हणाला, हे बघ, मी आंधळा नाही आणि वाईटही नाही. मंगळवारी एक पूर्ण बोजा वरच्या हॉटेलात तुझ्या डोक्यावर नेऊन पोचव, तिथली चिठ्ठी आण, मी सही करतो. निम्मा बोजा चालणार नाही. वाटेत दुसऱ्याने उचलला, तर फेरी त्याची.

वरचं हॉटेल म्हणजे सगळ्यात शेवटचं. माझी सून तिथेच चादरी धुते. मुलगा लांबच्या गावी गाडी चालवतो, दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही, त्याच्याबद्दल बोलायलाच नको. सुनेचे हात सोड्याने पार फाटलेत. बिल्ला हवा असं तीच म्हणाली होती. मी विचारलं, अगं, चादरी हलक्या की बोजा हलका? तर म्हणते, आई, धुताना मी मागच्या मोरीत असते, कोणाला दिसतही नाही. बोजा घेऊन चालणारा माणूस पुढे असतो, पाहुणे त्याच्या मागे येतात. मला पुढे चालायचंय.

मी अर्ज केला.

दीडच्या सुमाराला माझा नंबर पुकारला. एक बाई आणि तिचे वडील. बाई चाळिशीची, वडील सत्तरी ओलांडलेले, नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट घातलेले. दोन मोठ्या बॅगा, वर एक कापडी पिशवी. मुकादमाने काट्याला लावलं, चौतीस किलो. पस्तीसची मर्यादा. माझ्याकडे बघून त्याने भुवई उडवली. मी म्हटलं, बांधा.

बाईने शेवटच्या घडीला हातातली पर्सवजा पिशवीसुद्धा खालच्या बॅगेत कोंबली. चढ आहे, हात मोकळे बरे, म्हणाली. मी बघत होते, पण माझं लक्ष गुडघ्यात होतं. तिथेच तिला थांबवायला हवं होतं. हातातलं हातातच ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. त्या दिवशी मी सांगितलं नाही.

डोक्यावर चुंबळ ठेवली, दोघांनी बोजा चढवला, आणि निघाले.

बोजा डोक्यावर असला की एक गोष्ट विसरायची नसते. तो जमिनीवर ठेवायचा नाही. वाटेत ठरावीक ठिकाणी छातीइतक्या उंचीचे ओटे बांधलेत, तिथे पाठमोरं टेकून बोजा सरकवायचा, दम खायचा, आणि तसाच परत डोक्यावर ओढून घ्यायचा. ओट्यावरून एकटीला उचलता येतो. जमिनीवर ठेवला, तर उचलायला दोन माणसं लागतात, आणि खालचा माणूस गुडघ्यातून उठणारा लागतो.

पहिला ओटा झाला. दुसरा झाला. गुडघा दुखत होता, पण माझं ऐकत होता. मी मनात पायऱ्या मोजत होते आणि घड्याळ नसताना वेळही मोजत होते. मागून बाई विचारत होती, अजून किती, अजून किती. मी प्रत्येक वेळी थोडंच सांगत होते. आजोबा आधी खूप बोलत होते, इथली भिंत कशी बांधलीय, हा दगड कुठून आणला असेल. मग त्यांचं बोलणं थांबलं.

तिसरा ओटा समोर दिसत होता. वीस पावलं असतील. दोन्ही बाजूंना उंच भिंती, ना दुकान ना दार. मागून बाईचा आवाज आला, अहो, थांबा जरा, बाबांना घाम सुटलाय. मान वळवता येत नाही, म्हणून मी सगळीच वळले. आजोबा भिंतीला टेकून खाली सरकत होते. शर्ट ओला, हात थरथरत होते, आणि मुलीला कोणीतरी दुसरीच समजून काहीबाही बोलत होते.

"त्यांची साखर उतरलीय. बिस्किटं त्या खालच्या बॅगेत आहेत," बाई म्हणाली.

आता खरं सांगते, कारण खोटं पुढे सांगायचंच आहे. मी वळले आणि ओट्याच्या दिशेने चालायला लागले. वीस पावलं, ओट्यावर ठेवीन, बॅग उघडू, बोजा परत डोक्यावर घेईन, चिठ्ठी मिळेल. पाच पावलं गेले. मागे बाई बाबा, बाबा, करत होती. वर पंधरा पावलं, मग दोरी सोडायची, मग बिस्किटं घेऊन खाली यायचं. तेवढ्यात त्या माणसाची शुद्ध गेली असती तर? माझी मलाच शिसारी आली. मी परत खाली आले, भिंतीला पाठ लावली आणि बोजा घसरवत जमिनीवर सोडला. गुडघ्यात काहीतरी करकन वाजलं.

दोरी सोडली, बॅग उघडली, कपडे बाहेर फेकले. बाईने बिस्किटं चुरून त्यांच्या तोंडात घातली, पिशवीतलं साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग आजोबांच्या डोळ्यांत ओळख आली. इकडेतिकडे पसरलेले आपले बनियन बघून म्हणाले, हे कोणी वाळत घातलेत? बाई रडता रडता हसली. मीही हसले, आणि उभी राहायला गेले तर पाय खालीच राहिला.

बॅगा परत बांधल्या. बाई म्हणाली, मी हात लावते. बिचारीने जीव खाऊन लावला. आजोबाही उठायला लागले, त्यांना दटावून बसवलं. आम्ही बोजा कसाबसा डोक्याला टेकवला, पण मला उठताच येईना. दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी बोजासकट कलंडले असते. सावली भिंतीवर किती चढलीय ते मी बघितलं आणि मला रडू फुटलं. एवढी वर्षं भर चढावर मी कधी रडले नव्हते.

वरून चपला वाजल्या. माझी सून. हॉटेलच्या गच्चीवरून, चादरींच्या दोऱ्यांमधून, ती सकाळपासून वाट न्याहाळत होती. बोजा खाली गेलेला दिसल्याबरोबर धावत सुटली होती. हातांना अजून फेस लागलेला.

मी म्हटलं, तू हात लावू नकोस, बिल्ल्याशिवाय बोजा उचललास तर दोघींचंही संपेल. तिने ऐकलंच नाही. माझ्या पदराखालची चुंबळ ओढून घेतली, खाली बसली आणि म्हणाली, ठेवा. बाईने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने उचललं. ती उठली. एका दमात, सरळ.

मग ती पुढे आणि आम्ही मागे. अठ्ठावीस वर्षांत मी बोज्याच्या मागून कधी चालले नव्हते. मागून काय दिसतं ते मला माहीतच नव्हतं. मान खांद्यात शिरते. मानेच्या दोन शिरा दोरीएवढ्या फुगतात. टाच टेकताना पोटरी थरथरते आणि प्रत्येक पायरीला कमरेत एक झटका बसतो. पोर सव्वीस वर्षांची. मी लंगडत मागून बघत होते. हे मी हिला देतेय? यासाठी मी तीन महिने गुडघा लपवला?

आणि ती मात्र पुढे चालली होती, मागे आजोबांना ओरडून सांगत होती, सावकाश या, पुढे पायरी मोडकी आहे, डावीकडून या. तिचा असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

हॉटेलच्या काउंटरवर कारकुनाने वर न बघताच विचारलं, नंबर? मी दंड पुढे केला. त्याने सतरा लिहिलं. आजोबा काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण त्यांच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात दाबला. मी चिठ्ठी घेतली.

उतरताना सुनेचा खांदा धरून उतरले. ऑफिसच्या दारात पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. तिला दारातच उभं केलं. मुकादमाने चिठ्ठी वाचली, मग माझा पाय बघितला, मग पुन्हा चिठ्ठी.

तो म्हणाला, "सतरा, पूर्ण बोजा तूच नेलास? वरपर्यंत?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही, तिने नेला. खरंच होतं ते. खरं बोलले असते तर अर्ज फाटला असता, बिल्ला जमा झाला असता, आणि तिची मान वाचली असती. अगदी ओठांवर आलं होतं. मी दाराकडे बघितलं. ती चौकटीला धरून उभी होती. चुंबळ अजून तिच्याच हातात होती, आणि ती तिने छातीशी घट्ट धरली होती.

"हो," मी म्हटलं. "मीच नेला."

मुकादमाने एकदा दाराकडे बघितलं. त्याला कळलं असणार. त्याने सही केली आणि बिल्ला सोडायला सांगितलं. माझ्या बोटांना गाठ सुटेना, तेव्हा सून आत आली आणि तिनेच सोडली. दंडावर पांढरा पट्टा राहिला होता, तिथली कातडी इतकी वर्षं उन्हात आलीच नव्हती.

तिने बिल्ला स्वतःच्या दंडावर बांधला, मला वाकून नमस्कार केला आणि नाक्याकडे पळाली. शेवटच्या गाड्या यायच्या होत्या. मी ऑफिसच्या पायरीवर बसले, उठले, परत बसले. थोड्या वेळाने मुकादमाने पुकारलं, सतरा. मी उठून उभी राहिले. नंबर तिचा होता.